मी आधी मेसेज करत नाही

माझ्या प्रोफाइलवर सगळ्यात वर अकरा वर्षं एकच ओळ आहे. 'मी कुणालाही आधी मेसेज करत नाही. माझ्या नावाने आधी मेसेज आला, तर तो मी नाही.' ही ओळ मीच लिहिली, मीच पाळली, आणि एकाच माणसासाठी मोडली. त्या माणसाचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. ओळ अजून तिथेच आहे, आणि ती वाचली की मला माझाच संताप येतो.

माझं आठ कॉम्प्युटरचं गेमिंग कॅफे आहे. त्यातून भाडं सुटतं, बाकी काही नाही. माझं खरं काम काउंटरमागच्या नवव्या कॉम्प्युटरवर चालतं. एका बंदुकांच्या गेममधल्या स्किनच्या सौद्यात मी मध्ये उभा राहतो. स्किन म्हणजे बंदुकीवरचा, सुरीवरचा, हातमोज्यांवरचा रंग. त्याने गोळी जास्त लागत नाही आणि माणूस कमी मरत नाही. ताई एकदा म्हणाली, नुसत्या रंगाला लोक इतके पैसे मोजतात म्हणजे डोकी फिरलीत. मी तिला तिच्या नवऱ्याच्याच टेबलावरची दोन घड्याळं दाखवली. दोन्हींत वेळ तीच होती आणि एकाच्या किमतीत दुसरी दोनशे आली असती. त्यावर तिने विषय सोडला, पण पटलं म्हणून नव्हे.

कंपनीचा स्वतःचा बाजार आहे, तिथे विकलं की कंपनी आधी आपला वाटा कापते आणि उरलेले पैसे गेमच्या पाकिटातच ठेवते. त्यात दुसरी बंदूक घेता येते, दूध घेता येत नाही. शिवाय फार महागडी वस्तू तिथे लावताच येत नाही, किमतीला वरची मर्यादा आहे. म्हणून रोख हवी असेल तर सौदा बाहेर होतो. बाहेर मात्र कुणाचा कुणावर भरवसा नसतो. आधी वस्तू द्यावी तर पैसे येत नाहीत, आधी पैसे द्यावेत तर वस्तू येत नाही. तिथे मी लागतो. घेणारा पैसे माझ्याकडे ठेवतो, मी विकणाऱ्याला 'आले' म्हणतो, तो वस्तू थेट घेणाऱ्याच्या खात्यावर पाठवतो, ती पोचलेली पाहून मी पैसे सोडतो. या सगळ्यात माझा 'आले' हा एक शब्द विकला जातो. सगळे मला मधला म्हणतात. घरातही ताई आणि धाकटा यांच्यामधला मीच, त्यामुळे नाव चिकटायला वेळ लागला नाही.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, घड्याळं दुरुस्त करणारे. एकाच गाळ्यात पुढे ताईचं कपडे दुरुस्तीचं मशीन आणि मागे भाऊजींचं टेबल, असा त्यांचा बावीस वर्षांचा संसार. भाऊजींना गेमचा नाद माझ्याच कॅफेत लागला. हा शांत माणूस हेडफोन लावला की असा काही ओरडायचा की शेजारचे दचकायचे. एके दिवशी त्यांनी चावी विकत घेऊन गेममधला एक बंद बॉक्स उघडला आणि त्यातून सुरी निघाली. अशी सुरी शेकडो बॉक्समागे एखादी निघते. ही तर निळी होती. प्रत्येक सुरीला एक पॅटर्नचा क्रमांक असतो आणि त्यावर रंग कुठे पडेल ते ठरतं. भाऊजींच्या क्रमांकाचं पातं टोकापासून मुठीपर्यंत जवळजवळ अखंड निळं होतं. वर फ्लोट, म्हणजे झिजेचा आकडा, शून्याच्या अगदी जवळ. तो दशांशचिन्हापुढे इतका लांब असतो की दुसऱ्या कुठल्या सुरीचा तोच आकडा सहसा येत नाही. भाऊजींना तो पाठ होता. नंतर हातमोज्यांची एक जोडीही त्यांना मिळाली, पण जीव सुरीवर. 'हे माझं पेन्शन,' असं ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

मग त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडायला लागला. कडेचं दिसतं, बघायचं ते दिसत नाही. घड्याळजीचा डोळा गेला म्हणजे सगळंच गेलं. दोन वर्षांत टेबल रिकामं झालं आणि घर ताईच्या मशीनवर आलं. त्यातच गाळ्याच्या मालकाने गाळा विकायला काढला. माणूस सभ्य होता, त्याने आधी ताईला विचारलं, वर्षअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. ताईचं सगळं गिऱ्हाईक त्या गल्लीतलं. चार गल्ल्या पलीकडे पॅन्टची घडी मारून घ्यायला कोण येणार? गाळा राहिला तर दोघं राहणार होते, इतकं सरळ होतं ते. मी हिशेब करून सांगितलं की हातमोज्यांत विसार निघेल आणि सुरीत बाकीचं. ताईने मला दोनदा विचारलं, नक्की ना? मी नक्की म्हणालो.

एका सकाळी अफवा आली. गेमच्या नव्या फाइलींत कुणाला तरी जुन्या हातमोज्यांची नावं सापडली होती. म्हणजे जे हातमोजे मिळणं बंद झालं होतं, ते नव्या बॉक्समध्ये परत येणार. माल वाढणार म्हटल्यावर भाव पडणार, हे सगळ्यांना एकाच वेळी कळतं आणि सगळे एकाच दाराकडे धावतात. मी स्क्रीनवर बघत होतो, दर दहा मिनिटांनी सगळ्यात स्वस्त हातमोजे आणखी स्वस्त होत होते. माझ्याकडे एक घेणारा होता, त्याला अजून बातमी लागली नव्हती. आता त्यात माझी नियत कितपत स्वच्छ होती ते विचारू नका. मी भाऊजींना फोन लावला, त्यांनी उचलून 'कुठली अफवा, कोण म्हणालं, थोडं थांबू या का' सुरू केलं. मी फोन ठेवला आणि गेमच्या चॅटवर लिहिलं: 'भाऊजी, पैसे माझ्याकडे आले. ही लिंक, हातमोजे लगेच पाठवा. फोन करत बसू नका, भाव मिनिटाला उतरतोय.'

त्यांनी पाठवले. संध्याकाळपर्यंत तसल्या हातमोज्यांचा भाव अर्ध्यावर आला होता. विसार भरला गेला. ताईने मला बोलावून जेवायला घातलं आणि माझ्या फाटक्या बॅगेची चेन न सांगता बदलून दिली.

भाऊजींच्या अंगात आनंद मावत नव्हता. त्यांनी माझ्या प्रोफाइलवर प्रतिक्रिया लिहिली. आमच्या धंद्यात प्रतिक्रिया म्हणजेच पत. माझ्याकडे चार हजारांवर आहेत, पण सगळ्या 'सौदा चोख' छापाच्या. भाऊजींनी मात्र निबंध लिहिला. मेहुण्याने स्वतःहून मेसेज केला, फोनसुद्धा करू दिला नाही, म्हणून हातमोजे वाचले. आता माझी निळी सुरीही तोच विकून देणार. असा मधला सगळ्यांना मिळो. डोळे अगदी स्क्रीनला लावून त्यांनी ते टाइप केलं असणार. मी खाली उत्तर दिलं, 'भाऊजी, सगळा तुमचाच आशीर्वाद.' आणि ती प्रतिक्रिया सगळ्यात वर लावून ठेवली.

ती पुसायला हवी होती हे मला तेव्हाही कळत होतं. अकरा वर्षं मी लोकांना शिकवतोय, आपल्याकडे काय आहे ते बोलू नका, आपला माणूस कोण ते सांगू नका. पण चार हजार कोरड्या ओळींत ती एक ओली होती. त्या आठवड्यात तीन नवे सौदे आले आणि तिघंही म्हणाले, तुमच्या भाऊजींचं वाचलं. मग ती मी राहू दिली.

सुरी मी लगेच विकू दिली नाही. सुट्ट्यांचा सेल तोंडावर होता. त्या दिवसांत लोक नवे गेम घ्यायला आपल्या स्किन फुंकून टाकतात आणि सगळेच भाव थोडे बसतात. सेल संपला की चढतात. शिवाय त्या सुरीचा बॉक्स बंद झालेला, म्हणजे नवा माल येणार नाही. आणि निळ्या सुऱ्या जमवणारा एक संग्राहक माझ्याशी बोलत होता, त्याचे पैसे पुढच्या महिन्यात सुटणार होते. तीन आठवडे थांबा, म्हणालो. भाऊजी म्हणाले, तू म्हणशील तसं.

सेलच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी एका गिऱ्हाइकाचा माऊस साफ करत होतो. भाऊजींचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"मग? पैसे आज देतोस की उद्या?"

"कसले पैसे?"

"चेष्टा पुरे. सुरीचे."

मी त्यांना म्हणालो, भाऊजी, कशाला हात लावू नका, मी येतोय. कॅफे तसंच टाकून मी निघालो. गिऱ्हाईक खेळत राहिलं आणि पैसे न देता गेलं, तेही नंतर कळलं.

गाळ्यात ताई मशीनवर होती आणि भाऊजी रिकाम्या टेबलाशी मोबाइल घेऊन. मी चॅट वाचलं. माझा फोटो, माझं नाव, माझ्या प्रोफाइलचा मजकूर, अगदी ती वरची ओळसुद्धा. आधी फ्रेंड रिक्वेस्ट होती: यादी साफ करताना चुकून तुम्ही उडालात. मग: 'भाऊजी, सुऱ्यांची पण बातमी आलीये. पैसे माझ्याकडे आले. ही लिंक, सुरी लगेच पाठवा. फोन करत बसू नका, भाव मिनिटाला उतरतोय.' माझीच वाक्यं, जवळजवळ शब्दाला शब्द. चोराला काही शोधावं लागलं नव्हतं. भाऊजींकडे सुरी आहे, ते मला मेहुणा म्हणतात, मी त्यांना भाऊजी म्हणतो, आणि मी फोन करू देत नाही, हे सगळं मी माझ्या प्रोफाइलवर टांगून ठेवलं होतं.

ट्रेड पक्का करण्याआधी मोबाइलवर एक शेवटचा पडदा येतो. त्यावर समोरचं खातं कधी उघडलं ते बारीक करड्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ते खातं नऊ दिवसांचं होतं. मी कुणालाही सांगतो, काही बघू नका, ती तारीख बघा. भाऊजींना मोठा फोटो दिसला होता आणि मोठं बटण दिसलं होतं.

"तो तू नव्हतास?" भाऊजींनी विचारलं.

मी नाही म्हणालो. ते मोबाइल कडेने धरून पुन्हा पुन्हा बघत राहिले. ताईने मशीन थांबवलं, उठून आली आणि चॅट मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ही तुझीच बोली आहे. खरं सांग मला."

मी तिला दोन्ही चॅट शेजारी ठेवून दाखवली, खात्याचा क्रमांक दाखवला, तारीख दाखवली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळावं अशी अपेक्षाही नव्हती. ती एवढंच म्हणाली की मागच्या वेळी असा मेसेज आला तेव्हा तो तूच होतास.

मी कंपनीकडे तक्रार केली. तिसऱ्या दिवशी छापील उत्तर आलं: ट्रेड आपण स्वतः पक्का केला आहे, वस्तू परत केल्या जात नाहीत. पैशांचा सौदा होता असं लिहिण्याची सोय नव्हती, कारण कंपनीच्या नियमांत तोच गुन्हा, उलट भाऊजींचंच खातं बंद झालं असतं. पोलिसांकडेही गेलो. सुरी म्हटल्याबरोबर तक्रार घेणारा सावध झाला आणि किती इंचांची विचारू लागला. गेममधली म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. बिल आहे का? नाही. म्हणजे बॉक्समधून नशिबाने निघाली, आणि आता नशिबाने गेली, असं का? वाईट माणूस नव्हता तो, त्याने पाणीही विचारलं. तक्रारीचा कागद त्याने शिक्का मारून दिला, त्यावर वस्तूच्या रकान्यात 'चित्र' लिहिलं होतं.

सगळ्यात वाईट ते सात दिवस. त्या गेमचा नियम असा की हाती आलेली वस्तू सात दिवस पुढे देता येत नाही. म्हणजे सुरी कुठेच गेली नव्हती. त्या नऊ दिवसांच्या खात्यावर, सगळ्या जगाला दिसेल अशी, ती पडून होती. मी रोज सकाळी शटर उघडलं की आधी ती बघायचो. तोच फ्लोट, तेच पातं. मी त्या खात्याला लिहिलं, म्हणजे पुन्हा आधी मेसेज मीच केला, की हे माझ्या बहिणीचं दुकान आहे, माणसाला दिसत नाही, काय हवं ते सांग. त्याने मला ब्लॉक केलं. ओळखीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना मी आकडा कळवला. ते हळहळले. त्यातल्या एकाने विचारलं, मग मागच्या वेळी तुम्ही खरंच आधी मेसेज केला होता? हो म्हणालो. त्यानंतर त्याचे सौदे माझ्याकडे आले नाहीत.

त्याच सात दिवसांत सेल संपला आणि भाव चढले. माझा अंदाज अगदी बरोबर निघाला. इतका बरोबर माझा अंदाज आयुष्यात ठरला नसेल.

भाऊजी रोज एकदा फोन करून विचारायचे, "आहे का अजून?" मी म्हणायचो, आहे. "नीट आहे ना?" नीट आहे, म्हणायचो. जणू ती दवाखान्यात होती. आठव्या दिवशी मी कॅफे उघडलं तेव्हा ती नव्हती. त्या दिवशी त्यांचा फोन आला, तेव्हा मी उचलला नाही.

दोन आठवड्यांनी संग्राहकाचा मेसेज आला. त्याचे पैसे सुटले होते, एक अखंड निळी सुरी मिळत होती, मी मध्ये राहीन का? मी फ्लोट मागितला. त्याने पाठवला. शून्यांनंतरचे पहिले चार आकडे वाचूनच मी स्क्रीनवरून नजर काढली, पुढचे मला पाठ झाले होते. ठरलेली किंमत मी भाऊजींना सांगितली होती त्याहून जास्त होती. तेवढ्यात गाळा घेऊन ताईला नवं मशीनही आलं असतं. मी त्याला सगळं लिहिलं. त्याने शांतपणे उत्तर दिलं की विकणारा दुसराच आहे, त्यानेही कुणाकडून तरी पैसे देऊन घेतलीय. वस्तू चार हातांतून आली, आता चोरीची कुणाच्या नावावर धरायची? मी सौद्यात राहणार नाही म्हणालो. तो म्हणाला, समजू शकतो, आणि दुसऱ्या मधल्याकडे गेला. तासाभरात ती त्याच्या प्रोफाइलवर झळकली. खाली लोकांनी अभिनंदन लिहिलं होतं.

वर्ष संपलं. मालकाने आणखी दहा दिवस दिले, मग त्याचाही इलाज नव्हता. विसार त्याने अर्धा परत केला, एवढं कुणी करत नाही. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकणारा येणार होता आणि तो दारात उभा राहून भिंतीची मापं घेत होता. आम्ही तिघांनी सामान काढलं. ताईचं मशीन मी आणि ती मिळून उचललं. ती माझ्याशी बोलत होती, पण 'डावीकडे घे', 'हळू', 'दार बघ' इतकंच. सुरी गेल्यापासून तिने मला दुसरं काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती मशीनबरोबर टेम्पोत बसून गेली. मागचं टेबल उरलं होतं. भाऊजी त्याचे खण उघडून बोटांनी चाचपत होते, चिमटे, छोटे स्क्रू, एका जुन्या घड्याळाची काच. मी त्यांच्याजवळ खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. प्रतिक्रिया वर लावून ठेवली ती धंद्यासाठी. मला कळत होतं, तरी ठेवली. सुरी आता कुणाकडे आहे तेही सांगितलं आणि कितीला गेली तेही. मला वाटलं, ते ओरडतील. मला ते हवंच होतं.

त्यांनी खण बंद केला आणि माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत बसले. त्यांना असंच बघावं लागतं, मी मध्ये असलो की दिसत नाही.

"तुझी ताई अजून म्हणते, तूच घेतलीस," ते म्हणाले. "मी तिला रोज सांगतो, तो नव्हता."

मी खाली पडलेला एक छोटा स्क्रू उचलून त्यांच्या हातात दिला.

"खरं सांगू? तूच घेतली असतीस तर बरं झालं असतं रे. घरात तरी राहिली असती."

मग त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं आणि दुसरं मी धरावं म्हणून वाट बघत उभे राहिले.